ट्रान्सक्रिप्ट तयार आहे, पण समोरच्याला वापरता येत नाही: टेक्स्ट, वर्ड, मार्कडाउन की पीडीएफ?

मी मराठी मुलाखती ऐकून लिहून काढण्याचं काम करतो. ऐकण्यात, लिहिण्यात, तपासण्यात दिवसच्या दिवस जातात आणि शेवटी फाइल पाठवली की दोन तासांत फोन येतो, "अहो, उघडतच नाहीये" किंवा "उघडलं, पण हे काय आलंय?" सुरुवातीला मला वाटायचं की समोरच्याच्या संगणकात दोष आहे. तीच तक्रार वेगवेगळ्या लोकांकडून येत राहिली तेव्हा कळलं की बहुतेक वेळा मजकूर चांगला असतो, फाइलचा प्रकार चुकलेला असतो. मी मला सोयीचा प्रकार निवडत होतो आणि ज्याच्या हातात फाइल जाणार त्याला तिचं काय करायचं आहे, हे विचारतच नव्हतो.

खाली एकाच मुलाखतीचं उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला, त्या दिवसाच्या आठवणी एका काकांनी सांगितल्या. रेकॉर्डिंग एक तास वीस मिनिटांचं होतं आणि ट्रान्सक्रिप्ट साधारण साडेनऊ हजार शब्दांची झाली. ती चौघांना हवी होती: स्वतः काकांना तपासायला, दिवाळी अंकाच्या डीटीपी करणाऱ्या ताईंना पानं लावायला, एका संशोधक विद्यार्थिनीला शोध घ्यायला, आणि स्थानिक इतिहासाची वेबसाइट चालवणाऱ्या एका मित्राला. मी आधी चौघांना एकच वर्ड फाइल पाठवली आणि चौघांकडूनही ती परत आली.

## लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते आधी बघा.

- फाइलभर `?????` दिसतात.
- मराठीच्या जागी `à¤®à¤°à¤¾` असलं काहीतरी दिसतं.
- मराठीच्या जागी `ejkBh` अशी इंग्रजी अक्षरं दिसतात.
- प्रश्न आणि उत्तरं एकमेकांना चिकटून एकच लांब परिच्छेद झालाय, किंवा मजकुरात `**` आणि `#` दिसताहेत.
- वर्ड फाइल काकांच्या मोबाइलवर वेगळी आणि तुमच्याकडे वेगळी दिसते; "पान १४ बघा" म्हटलं की दोघं वेगवेगळ्या ठिकाणी बघतात.
- काढून टाकायला सांगितलेलं वाक्य समोरच्याला अजून दिसतंय.
- पीडीएफ डोळ्यांना सुरेख दिसते, पण शब्द शोधला तर सापडत नाही आणि कॉपी केला तर "वर्ष"चं "वषर्" होतं.

पुढच्या तपासण्या फुकट आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होतात. क्रम सोडू नका. मी एकदा थेट फॉन्ट बदलण्यापासून सुरुवात केली आणि अर्धा दिवस घालवला. दोष एका फोनवर कळण्यासारखा होता.

## १. आधी फोन करा: फाइलचं पुढे काय होणार आहे?

याला पैसे लागत नाहीत आणि निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच संपतात. "कुठल्या फॉरमॅटमध्ये पाठवू?" असं मात्र विचारू नका. बहुतेक लोक "पीडीएफ पाठवा" म्हणतात, कारण त्यांना तेवढं एकच नाव सवयीचं असतं. त्याऐवजी विचारा: तुम्ही नुसतं वाचणार आहात, त्यात दुरुस्त्या करणार आहात, त्यातले तुकडे उचलणार आहात, की ते जपून ठेवणार आहात? आणि उघडणार कशावर, मोबाइलवर की संगणकावर?

काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला वाचून बघायचंय, आणि काही चुकलं असेल तर सांगायचंय." त्यांच्याकडे मोबाइल होता, वर्ड नव्हतं. मी पाठवलेली वर्ड फाइल त्यांनी मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपमध्ये उघडली होती आणि वाचताना बोट लागून दोन ओळी पुसल्या गेल्या होत्या. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ज्याने मजकुराला हात लावायचा नाही, फक्त वाचून मत सांगायचं, त्याला पीडीएफच द्यावी. पीडीएफमधलं पान सगळीकडे सारखंच राहतं, त्यामुळे "पान १४, ओळ ९" म्हटलं की दोघांच्याही समोर तीच ओळ येते.

वयस्कर माणसासाठी मी छापील प्रतच काढतो. अक्षर १४ पॉइंट, उजवीकडे रुंद समास, आणि वर्डमध्ये `Layout > Line Numbers > Restart Each Page` करून प्रत्येक ओळीला क्रमांक. काकांनी पेनने सतरा ठिकाणी खुणा केल्या. त्यातल्या चार माझ्या ऐकण्याच्या चुका होत्या, पेठेचं नावही मी चुकीचं लिहिलं होतं.

डीटीपी करणाऱ्या ताईंचं उत्तर वेगळं होतं: "मला फक्त शब्द हवेत. सजावट मी करणार." विद्यार्थिनीला एकेक शब्द शोधायचा होता आणि उताऱ्यांना सांकेतिक खुणा लावायच्या होत्या. मित्राला वेबसाइटवर टाकायचं होतं. एकाच मजकुराची ही चार कामं आहेत, आणि पीडीएफ त्यातल्या फक्त पहिल्याला चालते.

## २. साधा टेक्स्ट: फाइल केवढी आहे ते बघा

ताईंना मी `.txt` पाठवली आणि त्यांच्याकडे सगळी प्रश्नचिन्हं आली. कारण मी वर्डमधून `Save As > Plain Text` करताना पुढे येणारी चौकट न वाचताच ओके केली होती. त्या चौकटीत आधीच `Windows (Default)` निवडलेलं असतं. अक्षरं साठवण्याच्या त्या जुन्या पद्धतीत, म्हणजे संकेतात, देवनागरीला जागा नसते, म्हणून प्रत्येक मराठी चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. तिथे `Other encoding` निवडून `Unicode (UTF-8)` हा देवनागरी बसणारा संकेत घ्यायचा. नोटपॅडमधून सेव्ह करत असाल तर खालच्या पट्टीत उजवीकडे `UTF-8` लिहिलेलं आहे का ते बघा. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून `UTF-8` घेतं. त्याआधीच्या संगणकांवर ते `ANSI` म्हणजे तोच जुना संकेत घ्यायचं, आणि असे संगणक छापखान्यांत अजून चालू आहेत.

पाठवण्याआधी खात्री करायची एक युक्ती आहे. `UTF-8` मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. "मराठी" हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटचा. काकांच्या मुलाखतीची टेक्स्ट फाइल साधारण १८० केबी व्हायला हवी होती आणि माझी झाली होती ७० केबीच्या आत. आकार असा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरला की समजायचं, मजकूर प्रश्नचिन्हांत गेला. फाइल उघडायचीही गरज नाही.

प्रश्नचिन्हं आणि `à¤®` यांत मोठा फरक आहे. प्रश्नचिन्हं झाली म्हणजे मूळ अक्षरं त्या फाइलमध्ये उरलेलीच नाहीत. ती फाइल टाकून द्या आणि मूळ प्रतीवरून नवी करा. `à¤®` दिसत असेल तर मात्र मजकूर शाबूत आहे, उघडणाऱ्या प्रोग्रॅमने तो चुकीच्या संकेताने वाचलाय एवढंच. अशा वेळी समोरच्याला सांगा, काहीही सेव्ह न करता फाइल बंद करा आणि उघडताना `UTF-8` निवडा. त्याच बिघडलेल्या अवस्थेत सेव्ह केलं तर साधी गोष्ट अवघड होऊन बसते.

साध्या टेक्स्टमध्ये दुसरं काय जातं ते माझ्या लक्षात उशिरा आलं. ठळक, तिरपं, रंगीत असं काही उरत नाही. वर्डमध्ये मी प्रश्न ठळक आणि उत्तरं साधी ठेवली होती, नावं लिहिली नव्हती. टेक्स्ट झाल्यावर कोण बोलतंय हेच कळेना. म्हणून आता प्रत्येक बोलण्याआधी `मुलाखतकार:` किंवा `काका:` असं लिहितोच, भले कंटाळवाणं दिसो. हसणं, रडणं, अस्पष्ट शब्द हेही रंगाने नाही तर चौकटी कंसात लिहून दाखवतो. अंध वाचक स्क्रीन रीडरवर ऐकतात किंवा मजकूर ब्रेलमध्ये करून घेतात, त्यांनाही याचाच उपयोग होतो. ठळक अक्षर कानाला ऐकू येत नाही.

ताईंकडे नंतर व्यवस्थित `UTF-8` गेली तरी त्या म्हणाल्या, "जोडाक्षरं तुटतायत, हलन्त दिसतोय." हा दोष फाइलचा नव्हता. पानं लावायच्या इनडिझाइन या प्रोग्रॅममध्ये परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेलं नसेल तर युनिकोड देवनागरी अशी तुटते. त्यांनी ते बदललं आणि पानं लागली. तुमचा मजकूर नोटपॅडमध्ये नीट दिसत असेल आणि फक्त पानावर ओतल्यावर तुटत असेल तर हे आधी बघायला सांगा, पुन्हापुन्हा फाइल पाठवू नका.

## ३. मार्कडाउन: रिकाम्या ओळी मोजा

मित्राच्या वेबसाइटवर मजकूर मार्कडाउनमध्ये लागत होता. मार्कडाउन म्हणजे साधा टेक्स्टच, फक्त `#` ने शीर्षक आणि `**` ने ठळक अक्षर अशा खुणा ठरलेल्या असतात आणि वेबसाइट त्यांचं रूपांतर करते. मी टेक्स्ट फाइलचंच नाव बदलून `.md` केलं आणि दिली. वेबसाइटवर अख्खी मुलाखत एका परिच्छेदात आली.

कारण मार्कडाउनमध्ये एकदा एंटर मारलं तर नवी ओळ होत नाही, मागच्या ओळीलाच पुढची जोडली जाते. नवा परिच्छेद हवा तर मध्ये एक पूर्ण रिकामी ओळ लागते. संवादाच्या मजकुराला याचाच सगळ्यात मोठा फटका बसतो, कारण आपण प्रत्येक बोलणं नव्या ओळीवर लिहितो. हे चुकीचं:

```
मुलाखतकार: तुम्ही तेव्हा कुठे होतात?
काका: वाड्याच्या माळ्यावर.
```

आणि हे बरोबर:

```
**मुलाखतकार:** तुम्ही तेव्हा कुठे होतात?

**काका:** वाड्याच्या माळ्यावर.
```

पुढे आणखी दोन ठिकाणी मी अडकलो. काका एका उत्तराच्या सुरुवातीला नुसतं साल म्हणतात, आणि मी ते नव्या परिच्छेदात `1961.` असं लिहिलं होतं. आकडा आणि पूर्णविराम परिच्छेदाच्या सुरुवातीला आला की मार्कडाउन त्याला क्रमांकांची यादी समजतं. काही ठिकाणी आकडा टिकतो आणि ओळ आत सरकते, काही ठिकाणी १९६१ चं चक्क १ होतं. त्यावर उपाय म्हणजे `1961\.` असं लिहायचं. देवनागरी आकड्यांत `१९६१.` लिहिलं तर हा त्रास सहसा होत नाही, कारण बहुतेक ठिकाणी यादीसाठी फक्त इंग्रजी आकडे धरले जातात.

दुसरी जागा अस्पष्ट शब्दांची. मी `[अस्पष्ट](00:14:10)` असं लिहायचो. चौकटी कंसाला लागून गोल कंस आला की तो दुवा समजला जातो, त्यामुळे पानावर नुसतं निळं "अस्पष्ट" उरलं आणि वेळ दिसेनाशी झाली. वेळ गेली म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये ती जागा परत शोधायचा रस्ता गेला. आता मी दोन्ही एकाच चौकटी कंसात लिहितो: `[अस्पष्ट 00:14:10]`.

माझं ठाम मत आहे की मार्कडाउन फक्त त्यालाच द्यावी जो ती स्वतः मागतो. घरच्यांना, संपादकांना, डीटीपीवाल्यांना ती पाठवली तर त्यांना मध्येच तारे आणि फुल्या दिसतात आणि त्या मजकुरात आहेत असं समजून छापल्याही जातात.

## ४. वर्ड फाइल: आत काय लपलंय ते तपासा

ज्याला मजकुरात दुरुस्त्या करायच्या आहेत त्याला वर्ड फाइलच द्या. संपादकाला टिपा लिहिता येतात, बदल दिसतात, नको ते परत घेता येतात. पण इथे एक तपासणी मी कधीही चुकवत नाही, कारण तिच्यात माणसाचा शब्द अडकलेला असतो.

काकांनी एका शेजाऱ्याबद्दल दोन वाक्यं सांगितली होती आणि नंतर म्हणाले, "ती काढून टाक, त्यांची मुलं इथेच राहतात." मी काढली. पण तेव्हा केलेल्या बदलांची नोंद ठेवणारं `Track Changes` चालू होतं. माझ्या पडद्यावर मी साधं दृश्य निवडलं होतं म्हणून ती दिसत नव्हती; विद्यार्थिनीने फाइल उघडली तर तिला ती लाल रेघेसकट दिसली. तिने लगेच फोन करून सांगितलं आणि फाइल पुसली, म्हणून निभावलं.

तेव्हापासून बाहेर पाठवायच्या प्रतीवर मी `Review > Accept > Accept All Changes` करतो, टिपा पुसतो आणि मग `File > Info > Check for Issues > Inspect Document` चालवतो. त्यात राहिलेले बदल, टिपा, लेखकाचं नाव असं सगळं समोर येतं आणि तिथेच काढता येतं. हे मूळ प्रतीवर नाही, तिच्या नकलेवर करा, कारण काढलेलं परत येत नाही. आणि पीडीएफमध्ये वाक्यावर काळा चौकोन ओढून ते लपलं असं समजू नका. खालचा मजकूर तसाच राहतो, निवडून कॉपी केला की बाहेर येतो. काढायचं ते वर्डमध्ये काढायचं आणि मग पीडीएफ करायची.

अक्षर वेगळं दिसण्याची तक्रार यापेक्षा साधी आहे. वर्ड देवनागरीला जटिल लिपी मानतं आणि तिचा फॉन्ट वेगळा लक्षात ठेवतं. वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलूनही मराठी बदलत नसेल तर `Ctrl+D` दाबा आणि `Complex scripts` खालचा फॉन्ट बदला. तुम्ही वापरलेला फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर वर्ड दुसरा घेतं आणि पानं पुढेमागे होतात. यावर `File > Options > Save > Embed fonts in the file` हा उपाय आहे, पण प्रत्येक फॉन्ट त्याची परवानगी देत नाही. पानं जशीच्या तशी हवीत असा आग्रह असेल तर वर्डशी झगडू नका, पीडीएफ द्या.

## ५. पीडीएफ: पाच शब्द कॉपी करून बघा

विद्यार्थिनीने पुन्हा फोन केला. या वेळी मी तिला पीडीएफ दिली होती. "मी 'वर्ष' शोधतेय तर एकदाही सापडत नाही, पण पानावर तर दिसतंय."

पीडीएफ मुळात पानाचं चित्र जसंच्या तसं राखण्यासाठी आहे. तिच्यात कुठला आकार कुठे काढायचा हे लिहिलेलं असतं. तो आकार म्हणजे कुठलं अक्षर, ही माहिती वेगळी जोडावी लागते. इंग्रजीत एक आकार म्हणजे एक अक्षर, म्हणून फारसं बिघडत नाही. मराठीत ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी आणि साठवली जाते व्यंजनानंतर. रफार दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि साठवला जातो त्याच्या आधी. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने आकारांचा दिसणारा क्रमच लिहून ठेवला तर कॉपी करताना "विचार"चं "िवचार" आणि "वर्ष"चं "वषर्" होतं. डोळ्याला पान निर्दोष दिसतं, म्हणून हा दोष पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही.

म्हणून प्रत्येक पीडीएफमधून मी हे पाच शब्द असलेल्या ओळी निवडून नोटपॅडमध्ये चिकटवतो: वर्ष, विचार, दुसऱ्या, स्त्री, ॲम्ब्युलन्स. मजकुरात नसतील तर त्याच प्रकारचे दुसरे घेतो, म्हणजे एक रफाराचा, एक ऱ्हस्व वेलांटीचा, एक अर्ध्या ऱ्या चा, एक जोडाक्षराचा आणि एक ॲ चा. पाचही नीट आले तर पीडीएफ शोधायला चालेल. तुटले तर ती फक्त वाचायला आणि छापायला.

तुटले तर आधी पीडीएफ बनवण्याची पद्धत बदला. `Print` मध्ये जाऊन पीडीएफ छापू नका. `Save As` किंवा `Export` मधून पीडीएफ करा, कारण छपाईच्या वाटेने जाताना मजकुराची ओळख बऱ्याचदा गळते. तिथल्या `Options` मध्ये `Document structure tags for accessibility` ला खूण ठेवा. नाहीच जमलं तर वर्डसारख्याच लिबरऑफिस या प्रोग्रॅममधून करून बघा. त्यात `Hybrid PDF (embed ODF file)` असा एक पर्याय आहे: पीडीएफच्या पोटातच मूळ बदलता येणारी फाइलही बसते. जपून ठेवायच्या प्रतीला तो मला फार उपयोगी वाटतो, पण लक्षात ठेवा, मग मागच्या तपासणीतली लपलेली वाक्यंही पोटात जातात.

शोध लागत नाही याचं आणखी एक कारण पीडीएफबाहेरचं असतं. "दुसऱ्या"मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप करता येतो, आणि "ॲ" हे एकच चिन्ह म्हणून किंवा अ वर चंद्र देऊनही लिहिता येतं. पानावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र वेगळे धरले जाऊ शकतात. दोष कुठे आहे हे ओळखायला तोच शोध वर्ड फाइलमध्ये घ्या. वर्डमध्ये सापडला आणि पीडीएफमध्ये नाही, तर पीडीएफ बिघडलीय. दोन्हीकडे नाही, तर टाइप करण्यात फरक आहे. मूळ प्रतीत शोधून एकसारखं करून घ्या.

विद्यार्थिनीला शेवटी मी वर्ड फाइल आणि टेक्स्ट दोन्ही दिल्या. खुणा लावायच्या कामाला पीडीएफ नकोच.

## ६. सगळ्यात अवघड: जुन्या फॉन्टमधला मजकूर

`ejkBh` दिसत असेल तर तो मजकूर मराठी असल्याचं संगणकाला माहीतच नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये `e` या इंग्रजी अक्षराला म चा आकार दिलेला असतो, `j` ला र चा. तो फॉन्ट आहे तोवर "मराठी" दिसतं, फॉन्ट गेला की `ejkBh`. अशा फाइलची टेक्स्ट करा, मार्कडाउन करा, पीडीएफ करा, आत इंग्रजी अक्षरंच राहणार. म्हणून इथे फाइलचा प्रकार बदलून काही होत नाही, आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं.

त्यासाठी रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण ते त्या त्या फॉन्टसाठीच असतात. कृतिदेवचा तक्ता श्रीलिपीला चालत नाही. फॉन्टचं नेमकं नाव वर्डमध्ये बघा, एका पानाचं रूपांतर करा आणि मूळ छापील पानाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. रफार, ऱ्या, ज्ञ, क्ष आणि आकडे इथे चुका होतात. मजकुरात मध्येच खरं इंग्रजी असेल तर त्याचंही मराठी होऊन बसतं.

## आता मी काय करतो

मूळ प्रत एकच ठेवतो, वर्डमध्ये, आणि दुरुस्ती फक्त तिच्यात करतो. बाकीच्या प्रती तिच्यातून काढतो, हाताने बनवत नाही. काकांच्या चार दुरुस्त्या मी आधी पीडीएफवाल्या प्रतीत केल्या होत्या आणि वेबसाइटवर पेठेचं नाव चुकीचंच राहिलं होतं, म्हणून ही सवय लावली. टेक्स्ट आणि मार्कडाउनसाठी पॅनडॉक हा फुकट प्रोग्रॅम वापरतो, त्याच्या या आज्ञा कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करायच्या:

```
pandoc panshet.docx -t plain --wrap=none -o panshet.txt
pandoc panshet.docx -t markdown --wrap=none -o panshet.md
```

तो `UTF-8` मध्येच लिहितो, परिच्छेदांमध्ये रिकाम्या ओळी घालतो आणि `1961.` सारख्या जागा स्वतः सांभाळतो. `--wrap=none` विसरू नका. नाहीतर तो लांब परिच्छेद साधारण ७२ अक्षरांवर तोडून नव्या ओळी घालतो आणि ताईंना पानावर त्या एकेक जोडत बसावं लागतं. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवतो, कारण मराठी नावं झिपमधून जाताना कधी कधी बिघडतात.

## इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ट्रान्सक्रिप्ट कोर्टात किंवा पोलिसांकडे जाणार असेल तर फॉरमॅट तुम्ही ठरवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. मूळ रेकॉर्डिंगला हात न लावता वकिलाला विचारा, मगच पुढचं.

मूळ फाइल हरवून फक्त तुटकी पीडीएफ उरली असेल तर एक पान दुरुस्त करायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. तेवढ्याच वेळात ते पान नव्याने टाइप होत असेल तर दुरुस्ती सोडा आणि चांगल्या टायपिस्टला द्या. जुन्या फॉन्टमधली शंभराहून अधिक पानं असतील, किंवा फॉन्टचं नावच कळत नसेल, तरी तेच: ज्या छापखान्यात ती लावली होती तिथल्या माणसाला गाठा, त्याच्याकडे तो फॉन्ट आणि बहुधा त्याचं रूपांतर दोन्ही असतं.

आणि बोलणाऱ्याच्या जिवाला किंवा घराला धोका होईल असं काही मजकुरात असेल, तर नावं झाकण्याचं काम एकट्याने करू नका. अशा मुलाखती हाताळणाऱ्या अनुभवी अभिलेखपालाकडून ती प्रत तपासून घ्या आणि तोवर कोणालाच, कुठल्याही प्रकारात, काही पाठवू नका. काकांच्या मुलाखतीतली ती दोन वाक्यं आता फक्त रेकॉर्डिंगमध्ये आहेत आणि रेकॉर्डिंगची एकमेव प्रत त्यांच्याच कपाटात आहे.